साखळीच्या मोकळ्या टोकाशी

दाराच्या चौकटीला वर खिळा ठोका आणि त्याला मीटरभर लांबीची साखळी टांगा. बारीक कड्यांची, पितळी असेल तर उत्तम. ती निवांत लोंबकळत असताना एकेका कडीचा विचार करा. सगळ्यात वरची कडी अख्ख्या साखळीचं वजन पेलते, मधली कडी अर्ध्या साखळीचं. जसजसं खाली यावं तसतसा ताण कमी होत जातो आणि अगदी टोकाशी तो शून्य होतो, कारण त्याखाली काही उरतच नाही.

ही साखळी डोलू लागली तर एका झोक्याला किती वेळ घेईल? डॅनिएल बर्नूली या गणितज्ञाने १७३० च्या दशकात हा प्रश्न हाती घेतला आणि त्याचं उत्तर न संपणाऱ्या एका श्रेढीच्या रूपात काढलं. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने ते छापलं. मला हा प्रश्न प्रिय आहे, कारण टोकाशी ताण शून्य होणं ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट समीकरणात एक अडचण होऊन उतरते. ती अडचण कशी ओलांडायची, हे एकदा या साखळीवर समजलं की ते पुढे कुठेही ओळखता येतं.

टोकापासून वर मोजलेल्या उंचीला x म्हणू. त्या उंचीवरची कडी मधल्या रेषेपासून किती बाजूला सरकली आहे ते y. कडीला परत मधे ओढणारं बळ येतं ते तिच्या वरच्या आणि खालच्या ताणातल्या फरकातून, आणि ताण तर x च्या प्रमाणात वाढतो. न्यूटनचा नियम लावला की हाती येतं ते असं:

x·y″ + y′ + λ·y = 0

इथे y′ म्हणजे साखळीचा तिरपेपणा आणि y″ म्हणजे तो तिरपेपणा किती भरभर बदलतो ते. λ मध्ये झोक्याची गती दडली आहे: λ = ω²/g. यात g म्हणजे गुरुत्व त्वरण, आणि एका झोक्याला लागणारा वेळ म्हणजे 2π/ω.

आता y″ च्या मागे असलेल्या x कडे बघा. टोकाशी x शून्य होतो आणि समीकरणातली सगळ्यात वजनदार संज्ञाच गळून पडते. पूर्ण समीकरणाला x ने भागून y″ मोकळा करावा, तर उरलेल्या संज्ञांमध्ये 1/x येतो आणि टोकाशी तो अनंताकडे धावतो. अशा जागेला विशेष बिंदू म्हणतात. वर्गात आम्ही सर्रास सिंग्युलर पॉइंटच म्हणतो.

एरवी अशा अवकल समीकरणासाठी नेहमीची युक्ती म्हणजे y = a₀ + a₁x + a₂x² + … अशी श्रेढी धरायची, समीकरणात घालायची आणि x च्या प्रत्येक घाताचा सहगुणक शून्य करत जायचं. साध्या बिंदूपाशी a₀ आणि a₁ आपल्या मर्जीने निवडता येतात आणि बाकीचे त्यांच्यावरून ठरतात. दोन मोकळे आकडे म्हणजे दोन स्वतंत्र उत्तरं, आणि दुसऱ्या कोटीच्या समीकरणाला दोन उत्तरं असायलाच हवीत. साखळीच्या समीकरणात मात्र पहिल्याच पायरीला a₁ = −λa₀ असं बंधन येतं. मोकळा आकडा एकच उरतो, म्हणजे एक उत्तर हरवलं. विद्यार्थी इथे हिशेब चुकला समजून खोडाखोड करतात. हिशेब बरोबरच असतो. दुसरं उत्तर या साच्यात मावत नाही, एवढंच.

मग साचा कोणता घ्यायचा? टोकाच्या अगदी जवळ x इतका लहान असतो की λy ही संज्ञा बाकीच्या दोघींपुढे नगण्य ठरते. उरलेल्या समीकरणाला x ने गुणलं की x²y″ + xy′ = 0 मिळतं. प्रत्येक अवकलनाने x चा एक घात कमी होतो आणि पुढे उभा असलेला x तो भरून काढतो. अशा समीकरणात y = xʳ घातलं, तर सगळीकडे पुन्हा xʳ च येतो आणि r साठी साधं बीजगणित उरतं. म्हणून श्रेढीची सुरुवात a₀ पासून न करता xʳ पासून करायची आणि r किती हे समीकरणालाच ठरवू द्यायचं:

y = xʳ(a₀ + a₁x + a₂x² + …)

जर्मन गणितज्ञ फेर्डिनांड गेओर्ग फ्रोबेनियस यांनी १८७३ साली ही रीत नीटस करून मांडली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. तेव्हा ते चोविशीच्या आसपास होते. त्याआधी १८६६ मध्ये लाझारुस फुक्स यांनी ही रीत कुठे चालते याची कसोटी दिली होती. y″ मोकळा करून घ्या, मग y′ च्या सहगुणकाला x ने आणि y च्या सहगुणकाला x² ने गुणा. गुणल्यावर दोघांतलाही अनंत निघून गेला आणि साध्या घातश्रेढ्या उरल्या, तर बिंदू नियमित विशेष. आपल्या साखळीत 1/x ला x ने गुणून 1 येतो आणि λ/x ला x² ने गुणून λx येतो. दोन्ही सरळ.

नवी श्रेढी समीकरणात घातली की सगळ्यात खालच्या घातापाशी r² = 0 मिळतं. r ठरवणाऱ्या या समीकरणाला घातांक समीकरण म्हणतात. इथे शून्य हे मूळ दोनदा आलं आहे, ते लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक घातापाशी नियम एकच: (n + r)²·aₙ = −λ·aₙ₋₁. यात r = 0 आणि a₀ = 1 घेतलं की उत्तर आपोआप उलगडत जातं:

y = 1 − λx + λ²x²/4 − λ³x³/36 + λ⁴x⁴/576 − …

छेदात 1, 4, 36, 576 असे क्रमगुणितांचे वर्ग आहेत. ते इतक्या झपाट्याने फुगतात की x कितीही घेतला तरी बेरीज एका आकड्यावर स्थिरावते. या बेरजेला आज बेसेल फलनांच्या कुळात जागा आहे, पण बेसेलने ग्रहांच्या गतीसाठी ती फलनं अभ्यासली ती एकोणिसाव्या शतकात.

कसोटी न लावता पुढे गेलं तर काय होतं, हेही एकदा बघायला हवं. x²y″ + (1 + 3x)y′ + y = 0 हे समीकरण घ्या. दिसायला निरुपद्रवी आहे. यात साधी श्रेढी घातली की हिशेब कुठेही अडत नाही आणि 1 − x + 2x² − 6x³ + 24x⁴ − … असं उत्तर पडतं. पण इथे क्रमगुणित छेदात नाही, अंशात आहे. x = 0.1 ठेवून पाहा: संज्ञा आधी लहान होत जातात, दहाव्या घातापर्यंत त्या ०.०००३६ इतक्या खाली येतात, आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागतात, त्या वाढतच राहतात. x शून्य सोडून कितीही लहान घेतला तरी हीच गत. कसोटी लावली असती तर आधीच कळलं असतं: y′ च्या सहगुणकाला x ने गुणल्यावरही 1/x शिल्लक राहतो. हा अनियमित बिंदू. कागदावर श्रेढी मिळाली म्हणजे उत्तर मिळालं असं मानणाऱ्याने हे समीकरण स्वतःच्या हाताने एकदा सोडवावं.

आता हरवलेल्या दुसऱ्या उत्तराकडे. r ची दोन मुळं वेगळी असती आणि त्यांच्यातला फरक पूर्णांक नसता, तर दोन्हींवरून दोन श्रेढ्या मिळाल्या असत्या. फरक पूर्णांक असला की लहान मुळाची श्रेढी बहुधा मध्येच शून्याने भागण्यापाशी अडते. आपल्याकडे तर मुळं एकच आहेत. इथे फ्रोबेनियस यांची युक्ती फार देखणी आहे. r ला शून्य करण्याची घाई करायची नाही. aₙ ची किंमत r ठेवूनच लिहायची आणि ती श्रेढी समीकरणात घालायची. सगळं कटून मागे फक्त r²·xʳ⁻¹ उरतं. यातला r² असा आहे की r च्या संदर्भात एकदा अवकलन केलं तरी r = 0 ला तो शून्यच राहतो. म्हणजे आपल्या श्रेढीचं r च्या संदर्भातलं अवकलनही समीकरणाचं उत्तर आहे! आणि xʳ चं असं अवकलन केलं की लॉगॅरिदम येतो:

y₂ = y·ln x + 2λx − (3/4)λ²x² + …

साध्या साच्यात न मावणारं उत्तर ते हेच. टोकाशी ln x उणे अनंताकडे जातो, म्हणजे हे उत्तर मानलं तर साखळीचं टोक खोलीच्या, गावाच्या पार पलीकडे गेलं पाहिजे. टांगलेल्या साखळीत तसं होत नाही, म्हणून इथे ते सोडून द्यायचं. पण सोडण्यासाठी ते आधी माहीत असावं लागतं.

उरलेल्या उत्तराला एकच अट आहे: वरची कडी खिळ्याला बांधलेली आहे, म्हणून x = L या पूर्ण लांबीपाशी y शून्य. λL ला s म्हटलं की

1 − s + s²/4 − s³/36 + s⁴/576 − … = 0

पहिल्या तीनच संज्ञा घेतल्या तर s = 2 येतो. चार घेतल्या की १.४३. पुढच्या संज्ञा मिळवत गेलं की आकडा १.४४५८ ला स्थिरावतो. एक मीटर साखळीसाठी यावरून ω² = १.४४५८ × ९.८१, म्हणजे एका झोक्याला सुमारे १.६७ सेकंद. तेवढ्याच लांबीच्या दोऱ्याला गोटी बांधून केलेला लंबक जवळजवळ दोन सेकंद घेतो.

हे मी घरी करून पाहिलं. खालचं टोक बाजूला ओढून सोडलं तर ते चाबकासारखं फटकारतं आणि मोजणं कठीण होतं, कारण तशा ओढण्यात अनेक प्रकारची डोलणी एकदम सुरू होतात. त्यापेक्षा खिळ्यावरून साखळी काढून वरचं टोक हातात धरावं आणि जेमतेम बोटभर, तालात हलवावं. ताल जुळला की साखळी लगेच दाद देते. मग हात स्थिर करून दहा झोके मोजावेत. साडेसोळा ते सतरा सेकंदांच्या दरम्यान आकडा येत राहतो.

आता तोच हात जवळपास दुप्पट वेगाने हलवा, पाऊण सेकंदाला एक हेलकावा, आणि थोडा जलद करत जा. त्या समीकरणाचं पुढचं मूळ s = ७.६२ आहे आणि त्याचा झोका ०.७३ सेकंदांचा. ताल लागताच साखळी मध्येच वळते: वरचा भाग एका बाजूला, खालचं टोक दुसऱ्या बाजूला. या दोहोंच्या मध्ये एक कडी जागची हलत नाही. ती कुठे असेल हेही श्रेढीच सांगते: १.४४५८ भागिले ७.६२, म्हणजे ०.१९. टोकापासून एकोणीस सेंटिमीटरवरच्या कडीला आधीच लाल दोरा बांधून ठेवा.