पुल रिक्वेस्ट अप्रूव्ह झाली, मग अजून ओपन का दिसतेय?

मागच्या भागानंतर एकानं विचारलं, "दादा, माझी पुल रिक्वेस्ट अप्रूव्ह झालीय, पण वर अजून Open दिसतंय. अडकली का?" नाही भावा, अडकलेली नाही. मीही इथंच फसलो होतो.

आमचं कबनूर इचलकरंजीला लागून, गल्लोगल्ली यंत्रमाग. मजुरी ५२ पिकच्या दरावर, मीटरमागे. पिक म्हणजे एका इंचातले आडवे धागे. कापड ५६ पिकचं असेल तर दर त्या प्रमाणात वाढतो. हा हिशोब करणारं छोटं ॲप मी आणि माझ्या मित्रानं गिटहबवर ठेवलंय.

दर काढायची ओळ मी वेगळ्या ब्रांचवर लिहिली आणि पुल रिक्वेस्ट काढली, म्हणजे "माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या" अशी विनंती. काम अर्धवट होतं, म्हणून ड्राफ्ट ठेवली. ड्राफ्ट सगळ्यांना दिसते, तिच्यावर बोलता येतं, पण ती मर्ज करता येत नाही. काम झाल्यावर `Ready for review` दाबलं, ती ओपन झाली. मित्रानं वाचून अप्रूव्ह केली. (स्वतःची स्वतःला अप्रूव्ह करता येत नाही, बरं का.)

आता नीट ऐका. अप्रूव्ह ही पुल रिक्वेस्टची वेगळी अवस्था नाही, तो एका माणसानं दिलेला शेरा आहे. रिक्वेस्ट ओपनच राहते, त्यामुळे तिच्यात नवीन कोड टाकता येतो. मी तेच केलं. आकडा सुटसुटीत दिसावा म्हणून दर पैशापर्यंत कापला:

```
dar = math.floor(dar_52 * pick / 52 * 100) / 100
```

अप्रूव्हलची हिरवी खूण तशीच होती. मी मर्ज केलं.

समजा ५२ पिकला मीटरमागे १ रुपया. ५६ पिकला होतात १.०७६९ रुपये. माझ्या कोडनं धरले १.०७. दिवसाला ३०० मीटरला ३२३.०८ ऐवजी ३२१ रुपये! रोज दोन रुपये विणकराच्या खिशातून. मित्राचे वडील मागावरच असतात, त्यांनी वहीतला आकडा ताडून पाहिला म्हणून पगाराआधी सापडलं.

मर्ज झालेली रिक्वेस्ट पुन्हा उघडत नाही. `Revert` दाबलं की उलटा बदल करणारी नवी रिक्वेस्ट तयार होते, तीच मर्ज करावी लागते. Closed चं तसं नाही. ती न घेता बंद केलेली असते आणि ब्रांच शाबूत असेल तर साधारणपणे `Reopen` करता येते.

मग आम्ही ब्रांचच्या सेटिंगमध्ये मर्जसाठी एक अप्रूव्हल सक्तीचं केलं आणि नवीन कमिट आला की जुनं अप्रूव्हल रद्द, हा पर्यायही लावला. आता दर पूर्ण ठेवतो, शेवटच्या रकमेलाच पैशात बसवतो. ती दुरुस्ती आत्ता ड्राफ्टमध्ये आहे, काकांनी वही बघितली की ओपन करतो.