नोकरीचा अर्ज दिला, पुन्हा फोन कधी करायचा? तक्ताच सांगेल

शिरवळ, केसुर्डीच्या एमआयडीसीत नोकरी शोधताना खंडाळ्यातील तरुण एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज देतात. कुणाला पुन्हा कधी विचारायचं, हे मात्र निसटतं. त्यासाठी गुगल शीट्समध्ये सहा रकाने करा: A कंपनी, B पद, C टप्पा, D अर्जाची तारीख, E शेवटच्या संपर्काची तारीख, F आठवण. F2 मध्ये हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
=IF(OR(C2="बंद",E2=""),"",IF(TODAY()-E2>=7,"फोन करा",""))
```

समजा, क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी २ जूनला अर्ज दिला. त्या दिवशी D आणि E या दोन्ही रकान्यांत २ जून लिहा. ९ जूनला F मध्ये ‘फोन करा’ दिसेल. एचआरने ‘मुलाखत पुढच्या आठवड्यात’ असं सांगितलं, तर टप्पा बदला आणि E मध्ये ९ जून टाका. पुढची आठवण १६ जूनला येईल. दिवस D वरून मोजले असते, तर बोलणं होऊनही रोज ‘फोन करा’ दिसत राहिलं असतं. नकार आला की टप्प्यात ‘बंद’ लिहा.

F मध्ये #VALUE! आलं, तर E मधली तारीख मजकूर म्हणून नोंदली गेली आहे. एरवी खरी तारीख रकान्यात उजवीकडे दिसते, मजकूर डावीकडे.

तक्ता स्वतःहून वाजत नाही. तो रोज उघडण्यासाठी मोबाइलवर सकाळी १० चा अलार्म लावा.