फोन हरवला, कोडही गेले

ऑथेंटिकेटरचा सहा आकडी कोड सिमवर येत नाही. फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांतून तो दर ३० सेकंदांनी तयार होतो. म्हणून जुन्याच नंबरचे नवे सिम घेतले, तरी ती किल्ली परत येत नाही.

गूगल खात्याचे उदाहरण घेऊ. घरच्या लॅपटॉपवर जीमेल अजून उघडे असेल, तर साइन आउट करू नका, ब्राउझरच्या कुकीजही पुसू नका. तिथूनच myaccount.google.com वर सुरक्षा विभागात जाऊन जुने ऑथेंटिकेटर काढा आणि नव्या फोनवर नवा क्यूआर कोड स्कॅन करा. गूगलने पुन्हा ओळख मागितली, तर ‘दुसरा मार्ग’ निवडा. दुसऱ्या टप्प्यासाठी मोबाइल नंबरही नोंदवलेला असेल, तर तिथे नवे सिम खरेच कामी येते.

कुठेच लॉगिन नसेल आणि दुसरा मार्गही नसेल, तर उरतो g.co/recover वरचा खाते परत मिळवण्याचा अर्ज. हा अर्ज नेहमीच्या संगणकावरून, नेहमीच्या ठिकाणाहून भरा. सायबर कॅफेतून भरल्यास शंका वाढते. तपासणीला काही दिवसही लागू शकतात आणि खाते परत मिळेलच असे नाही. पैसे घेऊन खाते सोडवून देतो म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.