एका खोलीचे दोन फोटो, आणि मग तिसरा



एप्रिलच्या अंकात आपण जव्हार तालुक्यातील आपल्या मुलींच्या वसतिगृहातल्या मोठ्या खोलीचे दोन फोटो पाहिले असतील. डावीकडे ‘दुरुस्तीपूर्वी’, उजवीकडे ‘दुरुस्तीनंतर’. खाली ओळ होती : ‘आता खोली प्रशस्त, उजेडाची आणि कोरडी झाली आहे.’ ती ओळ मीच लिहिली होती. पुष्कळांनी पत्र पाठवून आनंद कळवला. पण खोलीसाठी पैसे तुम्ही दिले आहेत, म्हणून त्या ओळीतले तीन शब्द मी पुन्हा तपासले, ते कसे हे सांगते. तुमच्या मंडळीतही सभागृहाची किंवा शाळेची दुरुस्ती झाली, की असे दोन फोटो कोणीतरी दाखवतेच.

आधी ‘प्रशस्त’. दुसऱ्या फोटोत खोली जवळजवळ दुप्पट दिसते. भिंत मात्र एकही हललेली नाही. पहिला फोटो मी दोन पावले आत उभी राहून साध्या कॅमेऱ्याने काढला होता. दुसरा आमच्या एका तरुणाने उंबरठ्यावरून, फोनमधल्या ०.५ च्या भिंगाने काढला. ह्या रुंद भिंगात जवळचे मोठे आणि लांबचे फारच दूर दिसते, त्यामुळे खोली खोल वाटते.

हे ओळखायला सोपी रीत आहे. दोन्ही फोटोंत न बदललेली एक वस्तू शोधायची. आमच्याकडे समोरच्या भिंतीतली खिडकी होती. चौकट तीच, फक्त रंग नवा. कागदाची पट्टी घेऊन छापील फोटोतल्या खिडकीची रुंदी त्यावर खुणेने घेतली आणि ती भिंतीच्या रुंदीत किती वेळा मावते ते मोजले. पहिल्या फोटोत ४ वेळा, दुसऱ्यातही ४ वेळा. भिंतीकडे सरळ तोंड करून फोटो काढलेला असेल, तर भिंग कुठलेही असो, हे प्रमाण बदलत नाही. तिरप्या फोटोत मात्र ही रीत चालत नाही.

तेव्हाच बिछानेही मोजले. पहिल्या फोटोत भिंतीकडेला १२ वळकट्या आहेत. दुसऱ्यात दुमजली खाटा ६, म्हणजे मुली १२च. फरक एवढाच, की आता त्या जमिनीवर झोपत नाहीत आणि मधली जागा अभ्यासाला मोकळी राहते. हाही फरक चांगलाच आहे, पण त्याला ‘प्रशस्त’ म्हणत नाहीत.

‘उजेडाची’ ह्या शब्दाने मला जास्त फसवले. जुन्या फोटोत पिवळा बल्ब आणि नीळ घातलेला चुना आहे, नव्यात पांढरी ट्यूब आणि फिकट पिवळा रंग. डोळ्याला दुसराच फोटो उजळ वाटणार. पण फोनचा कॅमेरा अंधाऱ्या खोलीचा उजेड आपोआप वाढवतो. खिडकीकडे पाहिले की ते थोडेफार कळते. पहिल्या फोटोत खिडकीतून बाहेरचे आंब्याचे झाड दिसते. दुसऱ्यात खिडकी म्हणजे नुसता पांढरा चौकोन आहे. कॅमेऱ्याने आतले दिसावे म्हणून उजेड ओढला, की बाहेरचे असे पुसले जाते. अर्थात एप्रिलचे ऊनही प्रखर असते, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नये.

खरा पुरावा एका मुलीने दिला. सातवीतल्या त्या वारली मुलीसमोर मी दोन्ही फोटो ठेवले आणि विचारले, “काय काय बदललं?” ती लगेच म्हणाली, “ताई, एक खिडकी गेली.” डाव्या भिंतीतल्या खिडकीपुढे आम्ही नवे लोखंडी कपाट उभे केले होते. मी ते फोटो निदान वीस वेळा पाहिले असतील! नवे काय आले तेच मी शोधत होते. म्हणून आता यादी करताना आधी जुन्या फोटोतली एकेक वस्तू घेते आणि ती नव्यात कुठे आहे ते पाहते, नंतर उलट करते. कपाट त्याच दिवशी हलवले.

राहिला शब्द ‘कोरडी’. इथे जरा थांबावे लागेल.

पहिला फोटो मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधला होता. त्यात ओलीचे दोन प्रकारचे डाग आहेत. वरून, छताच्या कडेपासून खाली जिभेसारखे उतरणारे, तपकिरी कडेचे डाग गळतीचे. आणि खाली जमिनीपासून सुमारे दोन फूट चढलेला, वरची कड नागमोडी असलेला आडवा पट्टा. त्या कडेवर गिलावा फुगलेला आणि पांढरी भुकटी जमलेली. ह्याला आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, भिंतीवर सुकते आणि क्षार मागे ठेवते.

दुसरा फोटो एप्रिलमधला. त्यात दोन्ही डाग नाहीत. पण जव्हारला एप्रिलमध्ये कुठलीही भिंत कोरडीच असते! ऑगस्टची भिंत एप्रिलच्या भिंतीशी ताडून पाहणे ही माझी चूक होती. शिवाय गवंड्याने खालच्या तीन फुटांवर तेलरंगाचा गुळगुळीत पट्टा मारला होता. त्यामुळे डाग झाकला गेला.

म्हणून ह्या ऑगस्टमध्ये मी तिसरा फोटो काढला, पहिल्याच जागेवरून, साध्या भिंगाने, दुपारच्याच वेळी. वरचे डाग खरोखरच गेले आहेत. जुनी कौले उतरवून पत्रे घातले आणि पत्रा भिंतीबाहेर दीड फूट काढला, ते काम नीट झाले. (पत्र्यावर पाऊस पडला की प्रार्थनेत शब्द ऐकू येत नाही, ही वसतिगृहातल्या मावशींची तक्रार मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही.) खाली तेलरंगाला फोड आले होते. एक फोड नखाने फोडला तर आत ओली भुकटी. तेलरंग पाणी थांबवत नाही, फक्त ते सुकू देत नाही.

कारण आतल्या फोटोत सापडेना, म्हणून बाहेर गेले. मागच्या बाजूला उतारावरून वर्षानुवर्षे आलेली माती, आणि तिच्यावर आम्हीच टाकलेला जुन्या कोब्याचा राडा, आतल्या फरशीच्याही वर वीतभर चढला होता.

पाऊस थांबल्यावर ती माती फरशीच्या वीतभर खालपर्यंत उतरवली आणि भिंतीपासून दूर उतार देऊन चर काढला. तेलरंग खरवडून तिथे चुन्याचा हात दिला, म्हणजे भिंत सुकत राहील. जमिनीतली ओल ह्याने पूर्ण थांबेल असे गवंडी म्हणत नाही. पट्टा दोन फुटांवरून किती खाली येतो ते पाहायचे आहे.

तेव्हा एप्रिलमधली ओळ अशी वाचावी : गळती थांबली, १२ मुली खाटांवर झोपतात, खोली तेवढीच आहे, खालची ओल अजून आहे. फोटो काढायला उभे राहायची जागा मी उंबरठ्याच्या आत दोन पावलांवर तांबड्या रंगाने आखून ठेवली आहे. चौथा फोटो तिथूनच, येत्या ऑगस्टमध्ये.