कोलकात्याचा दूरध्वनी मुंबईत का वाजतो?

कोलकात्यातील एखाद्या मराठी मंडळाने वर्षानुवर्षे वहीत लिहिलेली रक्तदात्यांची यादी संगणकावर उतरवली आहे, असे समजा. कुणाच्या क्रमांकामागे ०३३ आहे, कुणाच्या मागे ९१, कुठे कंस, कुठे आडवी रेघ, तर एखाद्या नोंदीत बंगाली अंक. रात्री-अपरात्री यादीतील सर्वांना एकदम संदेश धाडायचा, तर हे सारे क्रमांक एकाच साच्यात असणे भाग आहे. तो साचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ई.१६४ या नावाने ठरवून दिला आहे: प्रारंभी अधिकचे चिन्ह, त्यानंतर देशाचा संकेतांक, मग उरलेले अंक, आणि सारे मिळून जास्तीत जास्त १५ अंक. भारतापुरते पाहिले तर ९१ आणि पुढे १० अंक, असे एकूण १२ अंक होतात.

अंकांखेरीज जे जे असेल ते पुसून टाकावे, हा उपाय सर्वांनाच प्रथम सुचतो. घोटाळा नेमका तेथेच होतो. जुन्या वह्यांत एकाच कार्यालयाचे लागोपाठचे दोन क्रमांक `2228 XX45/46` असे जोडून लिहिण्याची पद्धत होती. (येथे X म्हणजे झाकलेला अंक.) यातील तिरपी रेघ आणि मोकळी जागा पुसली की `2228XX4546` असे १० अंक उरतात. संगणक त्यांच्यामागे ९१ लावतो आणि क्रमांक होतो `+912228XX4546`. त्यातील २२ हा मुंबईचा संकेतांक! अंक बरोबर १२ भरत असल्यामुळे कोणतीही तपासणी त्यास हरकत घेत नाही, आणि कोलकात्यासाठी केलेला दूरध्वनी मुंबईतील भलत्याच घरी खणखणू शकतो.

म्हणून पुसण्याआधी तोडणे आवश्यक ठरते. तिरपी रेघ वा स्वल्पविराम दिसला की नोंदीचे दोन भाग करावेत. दुसरा भाग अपुरा असेल, तर पहिल्याच्या अखेरचे तितकेच अंक बदलून तो पूर्ण करावा. वरील नोंदीतून मग `+91332228XX45` आणि `+91332228XX46` असे दोन क्रमांक निघतात. कोलकात्याचा संकेतांक ३३ असून त्यापुढे स्थानिक ८ अंक येतात. ०३३ मधील शून्य हे देशांतर्गत लांब अंतराच्या दूरध्वनीसाठी फिरवायचे असते. देशाच्या संकेतांकानंतर त्यास स्थान नाही. `+91 (0)33` असे लिहिलेले आढळल्यास कंसातील शून्य काढून टाकावे.

पुसणे झाल्यावर अंक मोजावेत. ९१ ने सुरू होणारे १२ अंक असतील, तर केवळ अधिकचे चिन्ह लावावे. १० अंक असतील आणि पहिला अंक ६ ते ९ पैकी असेल, तर तो बहुधा भ्रमणध्वनी होय. येथे एक चकवा आहे. भ्रमणध्वनीचा क्रमांकही ९१ ने सुरू होऊ शकतो; १० अंकी क्रमांकातील ते ९१ देशाचे समजून छाटले, तर क्रमांकच हातचा जातो. ८ अंक उरले आणि यादी कोलकात्याची असल्याची खात्री असली, तरच आधी ९१३३ जोडावे. ७ अंकी नोंदी बहुतेक या शतकाच्या आरंभापूर्वीच्या असतात. सरकारी दूरध्वनींच्या आधी त्या सुमारास २ जोडला गेला खरा, पण इतका जुना क्रमांक आजही त्याच घरी असेल असे गृहीत धरता येत नाही. तो बाजूला काढून विचारून घेणेच बरे. परदेशी राहणाऱ्या नातलगांच्या नोंदींत देशाचा संकेतांक नसेल, तर तोही तर्काने लावू नये.

बंगाली अंकांची गोष्ट निराळी. काही संगणकीय भाषांत `\d` या खुणेत बंगाली आणि देवनागरी अंकही मोडतात, त्यामुळे ते क्रमांकात तसेच राहून जातात. उलट `[^0-9]` असे लिहून बाकीचे पुसल्यास ते निमूटपणे गळून पडतात. दोन्ही टाळण्यासाठी सर्वप्रथम त्यांचे रूपांतर करावे. मात्र वहीवरून नोंद करणाऱ्या माणसाची चूक यंत्राला कळत नाही. बंगाली चार, म्हणजे ৪, हा इंग्रजी 8 सारखा दिसतो, तर बंगाली सात, म्हणजे ৭, हा 9 चा भास निर्माण करतो. अशा चुकीने अंकांची संख्या बदलत नाही आणि साचाही बिघडत नाही. ती मूळ वहीशी ताडून किंवा प्रत्यक्ष दूरध्वनी करूनच उघडकीस येते. त्यामुळे मूळ नोंदीचा रकाना कधीही पुसू नये. शुद्ध क्रमांक शेजारच्या रकान्यात लिहावा.

तो रकाना आधीच ‘मजकूर’ या प्रकारचा करून ठेवावा लागतो. एरवी एक्सेल अधिकचे चिन्ह गिळून टाकते आणि १२ अंकांची एक मोठी संख्या समजून `9.13E+11` असे काहीतरी दाखवते.