वर घर, खाली दवाखाना

तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडपासून दोन-चार गल्ल्या फिरलात की असं घर हमखास दिसतं. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड, आणि पाटीवर दोन नावं. तो फिजिशियन, ती स्त्रीरोगतज्ज्ञ. दिवसभर एकाच छताखाली काम करायचं आणि रात्री त्याच माणसाबरोबर जेवायला बसायचं. घर आणि कामाची जागा यांच्यात फक्त अठरा पायऱ्यांचं अंतर असलं, तर खालचं भांडण वर आणि वरचं खाली कसं जातं, हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

उदाहरणादाखल एक बिल घेऊ. आकडे मी हिशेबाला सोपे धरले आहेत. सिझेरियनचं बिल 36,000 रुपये. त्यातले 5,000 बाहेरून बोलावलेल्या भूलतज्ज्ञाचे, 2,000 बालरोगतज्ज्ञाचे, 7,000 औषधांचे आणि ऑपरेशनच्या साहित्याचे. खोली, थिएटर, सिस्टर-मावशींचे पगार आणि इमारतीचा हप्ता यांपोटी 12,000. उरले 10,000. ती मॅडमची फी. डिस्चार्जच्या दिवशी पेशंटचे सासरे सरांच्या ओपीडीत डोकावतात. सरांचे ते जुने ओळखीचे. सर काउंटरला फोन करून सांगतात, पाच हजार कमी घ्या.

सरांना वाटतं, हॉस्पिटलने पाच हजार सोडले. पण भूलतज्ज्ञ त्याची फी कमी करणार नाही आणि बँक हप्ता माफ करणार नाही. म्हणजे ही सवलत निघाली ती थेट मॅडमच्या फीमधून, बरोबर निम्मी. रात्री गल्ला मोजताना त्यांना ते कळतं.

"अहो, पाटलांचं बिल तुम्ही कमी करायला सांगितलंत?"

"ओळखीचे आहेत गं."

"ओळख तुमची. रात्री दोनला उठून थिएटरमध्ये उभी राहिले मी. आईंच्या तपासण्यांच्या वेळीही तुम्ही असंच मला न विचारता ठरवलंत."

या शेवटच्या वाक्यात बिल बाजूला पडलं आणि सासूबाई आल्या. इथून पुढे पाच हजारांचा विषय कुणालाच सोडवता येणार नाही, कारण तो आता पाच हजारांचा राहिलाच नाही.

अशा वेळी 'घरात दवाखान्याचा विषय काढायचा नाही' असा नियम करा, हा सल्ला सगळे देतात. मला तो कुचकामी वाटतो. बाळंतिणी रात्रीच येतात. अकरा वाजता सिस्टरचा फोन आला तर विषय निघणारच. त्यापेक्षा बोलण्याची वाटणी करावी. पेशंटबद्दल कधीही, कुठेही बोलावं, अगदी अबोला असला तरी. पैसे, नोकरमाणसं, नवं यंत्र, सुट्ट्या हे मात्र ठरलेल्या बैठकीतच. आठवड्यातून एकदा, दुपारची ओपीडी संपल्यावर, खालच्या केबिनमध्ये, समोर वही ठेवून अर्धा तास. रात्री गल्ला मोजताना काही खटकलं तर वहीत एक ओळ लिहायची आणि वर जायचं. चार दिवसांनी त्या ओळीतला राग ओसरलेला असतो. ज्या ओळीतला ओसरत नाही, ती नियम मागत असते.

पाटलांच्या बिलाने मागितलेला नियम साधा आहे. पेशंट ज्याचा, सवलत देण्याचा अधिकार त्याचा. दुसऱ्याला ओळख जपायची असेल तर त्याने खुशाल जपावी, पण ती रक्कम महिन्याच्या हिशेबात त्याच्या खात्यातून वजा होईल. काउंटरवरच्या मुलीने सवलतीच्या प्रत्येक बिलावर देणाऱ्याची सही घ्यावी. असा नियम झाला की ओळखी आपोआप कमी होतात, हा माझा अंदाज.

धोक्याची पहिली खूण नवराबायकोत शोधू नये, ती काउंटरवर दिसते. रजेला मॅडमनी नाही म्हटलं की मावशी सरांकडे जाते, आगाऊ पगाराला सरांनी नाही म्हटलं की मामा मॅडमकडे. माणसं लबाड असतात म्हणून असं होत नाही. कुणाचा शब्द शेवटचा हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरी खूण अधिक गंभीर. "सिस्टर, मॅडमना सांगा, त्या पेशंटची शुगर वाढलीय," असं सर तीन पावलांवर असलेल्या मॅडमना निरोपाने कळवू लागतात. ऑपरेशनआधीची शुगर, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या कधी बंद केल्या, हे तिसऱ्याच्या तोंडून जाताना अर्धवट पोहोचतं. अबोल्याची किंमत मग पेशंट मोजतो. म्हणून वैद्यकीय गोष्ट केसपेपरवर लिहायची आणि तोंडीही थेटच सांगायची, याला अपवाद ठेवू नये.

वरचं खाली उतरतं ते बहुतेकदा नकळत. नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अमेरिकेतल्या 166 जोडप्यांच्या सहा आठवड्यांच्या रोजनिश्या तपासल्या. घरातला ताण कामाच्या ठिकाणी नेण्याचा कल पुरुषांमध्ये अधिक दिसला. या दवाखान्यात कामावर तीच व्यक्ती भेटते जिच्याशी घरी वाजलं, त्यामुळे मधल्या प्रवासात राग शमायलाही वाव नाही. काही जोडपी मुद्दाम चालून येतात, किंवा सकाळी वेगवेगळ्या वेळी खाली उतरतात. डोकं तापलं असताना निदान वीस मिनिटं वेगळं राहावं, असं दांपत्यांवर संशोधन करणारे जॉन गॉटमनही सांगतात. शरीराला शांत व्हायला तेवढा वेळ लागतो.

आता कागदाकडे. नवराबायकोत कसला करार, म्हणून बरीच डॉक्टर जोडपी भागीदारीचा करारनामा सी.ए.कडून छापील नमुन्यावर करून घेतात आणि कपाटात टाकतात. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा आहे. करारात वेगळं लिहिलं नसेल तर नफा समसमान वाटायचा, आणि कामाबद्दल भागीदाराला वेगळा मोबदला नाही, असं तो सांगतो. म्हणजे महिन्याला पंधरा रात्री जागणारी आणि एकही न जागणारा, दोघं सारखेच. रोजच्या कामातला मतभेद बहुमताने मिटवावा, असंही त्यात आहे. भागीदार दोनच असतील तर बहुमत आणायचं कुठून? एकास एक मत पडतं आणि वाद जिथल्या तिथे राहतो. म्हणून करारातच विषय वाटून घ्यावेत: प्रसूतिगृह, थिएटर आणि तिथली माणसं यांत शेवटचा शब्द तिचा; औषधांचं दुकान, लॅब आणि इमारत यांत त्याचा; ठरावीक रकमेच्या वरची खरेदी किंवा कर्ज मात्र दोघांच्या सहीनेच. महिन्याचा मोबदला दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जावा. संयुक्त खात्यात सगळं ओतलं की कुणी किती कमावलं हे दिसत नाही, आणि माहेरी पाठवलेल्या पाच हजारांवरून पुन्हा तेच भांडण सुरू होतं.

यातलं काहीच पुरत नाही अशी एक परिस्थिती आहे आणि ती दुर्मीळ नाही. जागा सासऱ्यांच्या नावावर, कर्ज नवऱ्याच्या नावावर, करार झालेलाच नाही, आणि बाई लग्न होऊन आल्यापासून तिथे काम करताहेत. तिथे साप्ताहिक बैठक म्हणजे नुसता चहा. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या 'नाही'ला वजन नसतं, आणि हे समोरच्यालाही ठाऊक असतं. अशा घरात वही आणि नियम नंतर यावेत. आधी वकिलाकडे जाऊन करारात तिचा हिस्सा लिहून घ्यावा, आणि जागा सासऱ्यांचीच राहणार असेल तर हॉस्पिटल तिचं भाडं त्यांना देईल असा रीतसर भाडेकरार करावा.