चौदा तारखेची भानगड

दुकानाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात, अकरा, पंधरा आणि वीस या तारखांना लाल गोल बहुतेक व्यापारी करतात. सातला पगार आणि आधीच्या महिन्यात कापलेला टीडीएस, अकराला विक्रीचं जीएसटीआर-१, पंधराला पीएफ आणि ईएसआय लागू असेल तर त्यांचा भरणा, वीसला जीएसटीआर-३बी. व्यवसाय कराचे दोनशे रुपये पगारातूनच कापायचे. फेब्रुवारीत मात्र तीनशे, हे दरवर्षी कुणीतरी विसरतंच. चौदा तारखेला गोल करणारा दुकानदार मात्र क्वचितच दिसतो, आणि नेमके तिथेच पैसे अडकतात.

समजा, नळ-फिटिंगच्या दुकानात २ जुलैला एका छोट्या कारखान्याकडून एक लाखाचा माल आला. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १ लाख १८ हजारांचं. ते १८ हजार तुम्हाला वजावटीत मिळतात, पण कारखानदारानं ते बिल ११ ऑगस्टपर्यंत (तिमाही विवरणपत्रवाला असेल तर १३ पर्यंत) चढवलं असेल तरच. चढवलं की नाही, हे १४ ऑगस्टला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये कळतं. बिल तिथं नसेल, तर वीस तारखेला १८ हजार खिशातून भरा आणि पुढच्या महिन्यांत बिल दिसायची वाट बघा.

मग चौदापर्यंत पैसे रोखून धरावेत? इथे दुसरा नियम आडवा येतो. कारखानदार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल आणि लेखी करार नसेल, तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, म्हणजे १७ जुलैपर्यंत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकलेलं असेल, तर त्या वर्षी ते खर्चात धरता येत नाही आणि आयकर वाढतो. लेखी करार असला तर मुदत ४५ दिवसांपर्यंत जाते, म्हणजे १६ ऑगस्ट. चौदाला २बी बघायचं आणि लगेच पैसे सोडायचे. मध्ये पंधरा ऑगस्टची सुट्टी येते, त्यामुळे हातात फार वेळ नसतो. एका पानाच्या करारानं हे जमतं, तरी लोक तोंडी बोलीवरच व्यवहार करतात. माल देणारा निव्वळ व्यापारी असेल, तर ही पंधरा-पंचेचाळीसची अट लागत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक असला, तरी तो कारखानदाराचा की व्यापाऱ्याचा, हे विचारून घ्यावं.

परवान्यांना महिन्याची तारीख नसते, म्हणूनच ते निसटतात. खिळे तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून मुद्रा घ्यावी लागते. मुदत संपायच्या महिनाभर आधीच्या पानावर ती लिहून ठेवा.

आणि ११ तारखेच्या आधीच पुरवठादारांना एक फोन करा, बिलं चढवली का म्हणून. चौदाला कळलं तर उशीर झालेला असतो.